इंडेक्स टाकला तरी काटोलचा हिशेब का रखडतो

> "पोस्टग्रेसमध्ये नीट इंडेक्स टाका, रिपोर्ट पळतो. कॉलम-स्टोअर हे मोठ्या कंपन्यांचं फॅड आहे. शिवाय सगळा डेटा रॅममध्ये बसला की फरक उरतच नाही."

हे मत नेहमी ऐकू येतं. कॉलम-स्टोअर म्हणजे ओळींऐवजी एकेक कॉलम सलग साठवणारा डेटाबेस. इंडेक्सचं आधी. नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्याच्या आवकेचं एक टेबल समजा: 5 कोटी ओळी, 40 कॉलम, ओळ साधारण 400 बाइटची. म्हणजे 20 जीबी. पावती क्रमांक देऊन एक ओळ मागितली तर इंडेक्स ती क्षणात आणतो. पण काटोल तालुक्यातून आलेल्या मालाचं एकूण वजन विचारलं की चित्र पालटतं. पोस्टग्रेस एकटी ओळ उचलत नाही, 8 केबीचं अख्खं पान उचलतो, आणि एका पानात अशा सुमारे 20 ओळी बसतात. काटोलच्या ओळी 10 टक्के आणि टेबलभर विखुरलेल्या असतील, तर पानात त्यांतली एकही नसण्याची शक्यता 0.9 चा 20 वा घात, जेमतेम 12 टक्के. इंडेक्स असूनही शंभरातली 88 पानं वाचावीच लागतात! म्हणून क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा प्लॅनर बहुधा इंडेक्स सोडून सरळ सगळं टेबल वाचतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

तालुका आणि वजन दोन्ही असलेला इंडेक्स टाकला तर मात्र काम होतं, हे मान्य. पण ती त्या दोन कॉलमची वेगळी प्रतच झाली. उद्या कोणी बहारानुसार भाव विचारला की आणखी एक इंडेक्स, आणि प्रत्येक नव्या पावतीवर त्या सगळ्यांचा भार.

कॉलम-स्टोअरमध्ये वजनं सलग असतात: 4 बाइट गुणिले 5 कोटी, 200 एमबी. तालुक्यांची नावं एकदाच कोशात ठेवून प्रत्येक ओळीला 1 बाइटचा संकेत दिला की आणखी 50 एमबी. 20 जीबीऐवजी 250 एमबी वाचायचे. बहाराचा कॉलम तर याहून लहान होतो. तारखेच्या क्रमाने माल लावला की 'अंबिया' लाखो वेळा सलग येतो, मग 'मृग'. तेव्हा मूल्य आणि किती वेळा, एवढंच लिहिलं की भागतं.

फॅडचं म्हणाल तर डकडीबी हा कॉलम-स्टोअर साध्या लॅपटॉपवर कॉलमनुसार साठवलेली पार्केट फाइल वाचतो. कंपनी मोठी असावी लागत नाही.

रॅमचा मुद्दा ऐकायला पटतो, पण प्रोसेसरही रॅममधून बहुधा 64 बाइटचा तुकडा उचलतो. ओळीच्या मांडणीत त्यातले वजनाचे 4 बाइट कामाचे, बाकी गाडी क्रमांक, अडत्याचं नाव वगैरे. कॉलममध्ये त्याच तुकड्यात 16 वजनं येतात.

पावत्या नोंदवायला, दुरुस्त करायला ओळींचीच मांडणी हवी. कॉलममध्ये एक पावती 40 ठिकाणी विखुरते. तुमचं दुखणं कुठलं, हे असं तपासा:

```sql
EXPLAIN (ANALYZE, BUFFERS)
SELECT sum(vajan) FROM aavak
WHERE taluka = 'काटोल';
```

`Seq Scan` दिसला आणि `hit` व `read` मिळून पानांचा आकडा 25 लाखांच्या घरात गेला, तर दोन कॉलमांसाठी अख्खं टेबल वाचलं गेलंय.