नारळाचं भकल आणि दोन तृतीयांश : एका प्रतिक्रियेला उत्तर

«बाई, पाचवीच्या अपूर्णांकांचं तुमचं टाचण वाचलं. नारळ फोडून 'हा अर्धा' म्हणता, पण नारळ कधी बरोबर अर्धा फुटतो का? बाजारातले मासळीचे वाटे तरी कुठे सारखे असतात? मुलं वस्तूंत रमतात आणि फळ्यावर २/३ लिहिलं की गप्प बसतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. आणि 'विद्यार्थ्यास अपूर्णांकाची संकल्पना समजेल' हे कसलं उद्दिष्ट? समजली हे मोजणार कशाने?»

सर, नमस्कार.

नारळाचं वाक्य मी टाचणातून काढलं आहे. ते चुकीचंच होतं. पण नारळ मात्र काढला नाही, त्याची जागा बदलली. आता तो 'अर्धा म्हणजे काय' हे दाखवायला येत नाही, 'अर्धा म्हणजे काय नाही' हे दाखवायला येतो.

तुमची प्रतिक्रिया आल्यावर पुढच्याच तासिकेला मी वर्गात नारळ फोडला आणि दोन्ही भकलं तराजूच्या दोन पारड्यांत ठेवली. डोळ्यांकडच्या भकलाचं पारडं खाली गेलं. मी काहीच बोलले नाही. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, तुकडे दोन झाले, पण अर्धा एकही नाही." हे वाक्य मी फळ्यावर तसंच लिहिलं आणि तासिका संपेपर्यंत पुसलं नाही. मग दोन्ही भकलं खवली, सगळा चव एका ताटात एकत्र केला आणि छोट्या वाटीने दोन ताटल्यांत एकेक वाटी आळीपाळीने घातला. ताटल्या पारड्यांत ठेवल्यावर काटा मधे आला. तुकडे किती झाले याने अर्धा ठरत नाही, भाग सारखे झाले का याने ठरतो, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

मासळीच्या वाट्यांबाबतही तुमचं बरोबर आहे, पण ते सोडून द्यायला मी तयार नाही. आमच्या वर्गात निम्मी मुलं कोळ्यांची आहेत. हर्णैच्या बंदरावरचा लिलाव त्यांनी पाहिलेला असतो आणि 'वाटा' हा शब्द ती 'भाग' या शब्दाच्या आधी शिकलेली असतात. तो शब्द मी टाळला तरी त्यांच्या डोक्यात तो असणारच. म्हणून घरी आणलेले १२ बांगडे मी काट्यावर एकेक करून मोजले आणि वजनं १२ चिठ्ठ्यांवर लिहून वर्गात नेली. चिठ्ठ्यांचे तीन-तीनचे चार वाटे लावले. एका वाट्यात १५०, १४० आणि १२० ग्रॅमचे बांगडे आले, म्हणजे ४१० ग्रॅम. दुसरा वाटा ३५० ग्रॅमचा, तिसरा ३६० चा आणि चौथा ३२० चा झाला. बेरीज १४४०. मग विचारलं, यातला पाव कुठला?

नगावर मोजलं तर चारही वाटे पाव आहेत, कारण १२ पैकी प्रत्येकी ३ आहेत. वजनावर मोजलं तर १४४० चा पाव ३६०, म्हणजे फक्त तिसरा वाटा पाव ठरतो. वर्गात यावर चांगलीच वादावादी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. कारण 'पाव' हा शब्द एकटा अपुरा आहे, 'कशाचा पाव' हे ठरल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. पुढे सहावी-सातवीत शाब्दिक उदाहरणांत मुलं जिथे अडखळतात, तिथे बहुतेक वेळा 'कशाचा' हाच प्रश्न विचारायचा राहिलेला असतो.

आता २/३ वर गप्प बसण्याविषयी. हे मीही पाहिलं आहे, पण तुमचं वाचल्यावर एक गोष्ट तपासून पाहिली. ३/४ लिहिलं तर मुलं तितकी गप्प बसत नाहीत. कोणीतरी हळूच 'पाऊण' म्हणतं. १/४ ला पाव, १/२ ला अर्धा, ५/४ ला सव्वा, ३/२ ला दीड. हे सगळे शब्द त्यांच्याकडे दुकानातून, दुधाच्या मापातून, घड्याळातून आलेले असतात. तिसऱ्या भागाला मात्र घरात रोज वापरला जाणारा एका शब्दाचा आकडा नाही. 'तृतीयांश' त्यांना पहिल्यांदा पुस्तकातच भेटतो. माझ्या जुन्या टाचणात तिन्ही तासिका अर्धा, पाव आणि पाऊण यांतच गेल्या होत्या. ज्याचे शब्द मुलांना आधीच येत होते तेच मी पुन्हा शिकवत होते आणि जिथे शब्दांची मदत संपते तिथे नेमका पाठ संपवत होते. तुमच्या प्रतिक्रियेमुळे मला हे दिसलं.

दुसरं कारण जास्त खोल आहे. भाकरीचे तीन भाग करून दोन रंगवायला सांगितले तर मूल बरोबर रंगवतं, पण त्याच्या लेखी ते 'तीनांतले दोन' असतात, म्हणजे दोन वेगवेगळ्या पूर्ण संख्या. २/३ ही एकच संख्या आहे आणि तिला संख्यारेषेवर जागा आहे, हे रंगवण्यातून कळत नाही. मी ० ते ४ ची रेषा देऊन २/३ दाखवायला सांगितलं, तेव्हा एका मुलाने अगदी आत्मविश्वासाने २ आणि ३ च्या बरोबर मध्ये खूण केली. त्याच मुलाचं रंगवलेलं चित्र अचूक होतं. चित्र बघून मी त्याला पूर्ण गुण दिले असते.

म्हणून दुसऱ्या तासिकेत आता सुतळी येते. लांबी १२० सेंटिमीटर, कारण १२० चे दोन, तीन, चार, पाच, सहा आणि आठ असे सगळे भाग पूर्ण सेंटिमीटरात होतात. खिडकीच्या दोन गजांना सुतळी ताणून बांधायची, डाव्या टोकाला ० ची चिठ्ठी आणि उजव्या टोकाला १ ची. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांना अपूर्णांकांच्या चिठ्ठ्या लावायच्या. हातात घेऊन घडी घालायला तेवढ्याच लांबीची दुसरी सुतळी प्रत्येक गटाला द्यायची. अर्ध्याची घडी सगळ्यांना जमते. अर्ध्याची पुन्हा अर्धी घातली की पाव येतो, आणि २/४ चा चिमटा १/२ च्या चिमट्याशेजारी लावायला जागाच उरत नाही, दोन्हींची जागा एकच असते.

तीन भागांना मुलं अडतात. ती अर्ध्याच्याच घड्या घालत राहतात आणि दोन, चार, आठ यांच्या पलीकडे जात नाहीत. त्यांना थोडा वेळ अडू द्यावं. मग सुतळी नागमोडी तीन पदरी धरायला सांगायची आणि तिन्ही पदर सारखे होईपर्यंत दोन्ही बाजूंनी सरकवायची. पदर जुळले की घडीच्या जागी स्केचपेनने खूण करायची. मोजल्यावर ४० आणि ८० येतात.

इथे एक चूक हमखास होते. चार भाग करायला सांगितले की काही मुलं मधे चार खुणा करतात, मग भाग होतात पाच. दुरून ते ओळखू येत नाही. "खुणा नको, मोकळी जागा बोटाने चालत मोज" असं सांगितलं की मूल स्वतःच चूक पकडतं.

त्या रेषेवर चुकलेल्या मुलाला मी सुतळीपाशी बोलावलं. १/३ कुठे, तर ४० वर. आणखी एक तसाच भाग, म्हणजे ८०. त्याने चिमटा ८० वर लावला. मग विचारलं, पाऊण कुठे? तो ९० वर गेला. "म्हणजे दोन तृतीयांश पाऊणपेक्षा कमी?" थोडा वेळ दोन्ही चिमट्यांकडे पाहून तो म्हणाला, "दहाने कमी." मी विचारलं, अशी दहा-दहाची तुकडी सबंध सुतळीत किती? बारा. मग ८० म्हणजे बारातल्या आठ आणि ९० म्हणजे बारातल्या नऊ. समच्छेद करणं त्याने हाताने केलं होतं, मी फक्त फळ्यावर ८/१२ आणि ९/१२ लिहिलं.

सुतळीचाही धोका आहे. मुलं '८० म्हणजे दोन तृतीयांश' असं पाठ करतात. म्हणून तिसऱ्या तासिकेला सुतळी ९० सेंटिमीटरची द्यायची. ज्याने चिमटा पुन्हा ८० वर लावला, त्याला आकडा आठवला, भाग दिसला नाही. ६० वर लावणाऱ्याला पुढे दोन सुतळ्या जोडून ५/४ शोधायला द्यायचं, म्हणजे अंश छेदापेक्षा मोठा असू शकतो हे 'सव्वा' या ओळखीच्या शब्दावरूनच कळतं.

उद्दिष्टाच्या बाबतीत मला काहीच बचाव करायचा नाही, 'समजेल' हा शब्द मी तिन्ही ठिकाणी खोडला. आता लिहिलं आहे ते असं. विद्यार्थी भाग समान आहेत का हे मोजून सांगतो आणि कशाने मोजलं तेही सांगतो. ० ते २ च्या कोऱ्या रेषेवर २/३, ३/४ आणि ५/४ यांची जागा दाखवतो आणि ती कशी शोधली ते बोलून दाखवतो. ३/४ आणि ६/८ एकाच जागी का येतात हे घडी घालून दाखवतो.

मूल्यमापनासाठी शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येकाला एक चिठ्ठी देते, तीन प्रश्नांची. पहिल्यात तीन असमान भागांचा आयत, त्यातला एक भाग रंगवलेला, हा १/३ आहे का आणि का. दुसऱ्यात ० ते २ ची कोरी रेषा. तिसरा प्रश्न असा, की ताईने अर्धी भाकरी खाल्ली, दादानेही अर्धीच खाल्ली, तरी दादाने जास्त खाल्ली, असं होऊ शकतं का? याला 'नाही' लिहिणाऱ्या मुलाला नारळाचा पाठ कळला आहे, पण बांगड्यांचा अजून नाही. या चिठ्ठ्यांना मी गुण देत नाही, चुकीच्या प्रकाराप्रमाणे तीन गठ्ठे करते. रेषेवर २/३ ची खूण २ च्या आसपास, म्हणजे पार टोकाला असलेला गठ्ठा दुसऱ्या दिवशी सुतळीपाशी बसतो.

यामुळे पाठाला तीनऐवजी चार तासिका लागतात. चौथी मी चित्रं रंगवण्याच्या स्वाध्यायातून काढली. तुम्ही इतकी वर्षं हा घटक शिकवला आहे, म्हणून एक विचारते. पाच समान भागांची घडी मुलांना हाताने नीट घालता येत नाही, आणि पट्टीने मोजून दिली तर शोधण्याचं काम उरत नाही. तुम्ही पंचमांशाला कशी सुरुवात करत होतात?