“पाऊण तास नुसता कान लावून उभा” या रिव्ह्यूला आमचं उत्तर

★☆☆☆☆ “रात्री फ्रीजमधून गुडगुड, टिकटिक आणि मध्येच फट् असा आवाज येतो म्हणून माणूस बोलावला. तो पाऊण तास नुसता कान लावून उभा राहिला, स्क्रू ड्रायव्हर बाहेरसुद्धा काढला नाही, ‘हे नॉर्मल आहे’ म्हणाला आणि व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. ओळखीतले एकजण म्हणतात गॅस कमी आहे. पैसे वाया.”

नमस्कार ताई,

आपल्याला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो. आमच्या मुलाने “नॉर्मल आहे” एवढंच बोलून निघायला नको होतं. काय पाहिलं आणि काय सापडलं हे त्याने तिथेच समजावून सांगायला हवं होतं. ती चूक आमची.

पण “नुसता उभा राहिला” हे वाक्य आम्हाला फार लागलं. त्या पाऊण तासाचा हिशेब त्याच्या वहीत आहे, तो इथे देतो. तो आला तेव्हा कॉम्प्रेसर चालू होता. आधीपासून किती वेळ चालू होता हे कळायला मार्ग नाही, म्हणून तो बंद होण्याची वाट पाहावी लागली. त्यात ८ मिनिटं गेली. मग कॉम्प्रेसर २१ मिनिटं बंद राहिला आणि पुन्हा सुरू होऊन १६ मिनिटं चालला. एक पूर्ण फेरी झाली. आवाजाची तक्रार असलेल्या फ्रीजमध्ये ही फेरी बघितल्याशिवाय निदान सांगणारा माणूस अंदाज सांगत असतो. स्क्रू ड्रायव्हर काढला नाही, कारण उघडण्यासारखं काही निघालंच नाही.

आता आवाज एकेक घेतो. कॉम्प्रेसर बंद झाल्या झाल्या फ्रीझरच्या मागून आधी बारीक ‘सूंऽऽ’ आणि मग गुळण्या केल्यासारखी गुडगुड सुरू झाली, चार-साडेचार मिनिटांत विरत गेली. याचं कारण असं. आपल्या फ्रीजच्या मागच्या लेबलवर आर ६००ए हा गॅस लिहिला आहे. कॉम्प्रेसर चालू असताना फ्रीझरच्या कॉइलमध्ये तो उणे २५ अंशांच्या आसपास उकळत असतो आणि तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असतो. बाहेरच्या गरम नळ्यांमध्ये, म्हणजे कंडेन्सरमध्ये, दाब त्याच्या आठ-नऊपट असतो. या दोन बाजूंना जोडणारी वाट म्हणजे कॅपिलरी. दोन-तीन मीटर लांब तांब्याची नळी, आतलं भोक एक मिलिमीटरपेक्षाही कमी. कॉम्प्रेसर थांबला तरी दोन्हीकडचा दाब सारखा होईपर्यंत गॅस या नळीतून कॉइलमध्ये जात राहतो. आधी उरलेला द्रव जातो, मग द्रव आणि वाफ एकत्र, शेवटी नुसती वाफ. वाफ नळीच्या तोंडातून कॉइलमध्ये साठलेल्या द्रवात घुसली की बुडबुडे निघतात. ग्लासातल्या पाण्यात स्ट्रॉने फुंकर मारावी तसाच हा आवाज. कॉम्प्रेसर चालू असतानाही तो थोडा होतो, पण तेव्हा कॉम्प्रेसरच्या घरघरीत झाकला जातो. रात्री तोच मोठा वाटतो.

टिकटिकीवर मुलाने सगळ्यात जास्त वेळ दिला, कारण तीन वेगवेगळ्या टिकटिकी असतात आणि त्यातल्या दोन खरोखर बिघाडाच्या आहेत. पहिली शक्यता होती फॅनची. फ्रीझरमधल्या पंख्याच्या पात्याला बर्फ लागू लागला की टकटक होते, पण ती घड्याळासारखी एका लयीत आणि पंखा फिरतोय तोवर अखंड असते. आपल्या फ्रीजमध्ये दार उघडलं की पंखा थांबतो. म्हणून त्याने कॉम्प्रेसर चालू असताना दार उघडून चौकटीतला स्विच बोटाने दाबून धरला. पंखा गरगर फिरला, पात्याचा आवाज शून्य. तो स्विच दाबून उभा होता तेव्हाच आपण “दार का उघडं ठेवलंय” असं विचारलंत. कारण हे होतं.

दुसरी शक्यता रिलेची. कॉम्प्रेसर सुरू होताना एक ‘टक्’ आणि बंद होताना एक ‘टक्’, एवढं चालतं. पण ‘टक्’, मग काही सेकंद नुसतं गुणगुणणं, पुन्हा ‘टक्’, आणि दर दोन-चार मिनिटांनी हेच, असं झालं तर कॉम्प्रेसर उचलत नाहीये आणि ओव्हरलोड नावाचा संरक्षक स्विच त्याची वीज तोडतोय, असा त्याचा अर्थ. तेव्हा प्लग काढायचा आणि लगेच फोन करायचा. (लाइट जाऊन मिनिटाभरात परत आली तरी असं एक-दोनदा होऊ शकतं, कारण दाब अजून सारखा झालेला नसतो. पाच मिनिटं बंद ठेवून मग लावलं की सुरळीत चालू होतो.) आपल्याकडे फेरीच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक, एवढेच आवाज आले.

राहिली तिसरी, आणि आपली तीच आहे. कॉम्प्रेसर थांबल्यावर त्यातून निघणारी गरम नळी आणि तिला धरलेला पत्रा थंड होत आक्रसतात. स्कूटर बंद केल्यावर सायलेन्सर टिकटिकतो, अगदी तसं. ओळखायची खूण अशी की या टिकटिकीला लय नसते आणि दोन टिकांमधलं अंतर वाढत जातं. आधी चार-पाच सेकंदांनी, मग दहा, मग अर्ध्या मिनिटाने एखादी, आणि मग गप्प. ‘बर्फाला पातं लागतंय’ आणि ‘पत्रा गार होतोय’ यातला फरक एवढाच आहे, आणि तो कान लावल्याशिवाय कळत नाही.

फट् आवाज सगळ्यांनाच दचकवतो, हे मान्य. फ्रीजचं आतलं अंग प्लास्टिकचं, बाहेरचं पत्र्याचं, आणि दोघांमध्ये चिकटून बसलेला फोम. थंडीने प्लास्टिक पत्र्यापेक्षा पाचपटीहून जास्त आक्रसतं. दीड मीटर उंचीचं मोकळं प्लास्टिक १० अंशांनी थंड झालं तर मिलिमीटरभर कमी होईल. पण ते मोकळं नसतं, फोमला आणि चौकटीला बांधलेलं असतं. ताण साठत जातो आणि एखाद्या कोपऱ्यात ते अचानक सरकतं, तोच फट्. म्हणून हा आवाज कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर, दार बराच वेळ उघडं राहिल्यावर आणि डीफ्रॉस्टच्या वेळी येतो. डीफ्रॉस्टमध्ये हीटर कॉइल गरम करून बर्फ वितळवतो. तेव्हा फट्-फट् दोन-चारदा होतं, आणि पाण्याचे थेंब हीटरवर पडून ‘चर्र’ही होतं. प्लास्टिकला तडा दिसत नसेल तर याने काहीही बिघडत नाही.

आता गॅसबद्दल. “थोडा गॅस घालून टाका ना” असं आपण दोनदा म्हणालात आणि मुलाने नाही म्हटलं. तो नकार आमच्याच सूचनेवरून होता. गॅस कमी असला तरीही बुडबुड ऐकू येते, हे खरं आहे. म्हणूनच निर्णय आवाजावर करत नाहीत, घड्याळ आणि थर्मामीटरवर करतात. गॅस खरोखर कमी असेल तर आपल्यासारख्या साध्या, बंद-चालू होणाऱ्या कॉम्प्रेसरला थांबायला जमतच नाही, तासन् तास चालत राहतो. फ्रीजच्या बाजू, ज्या चालू असताना कोमट लागायला हव्यात, जेमतेम कोमट राहतात. फ्रीझर उणे १८ पर्यंत पोचत नाही. आपल्याकडे कॉम्प्रेसर २१ मिनिटं निवांत बंद होता, दोन्ही बाजू वरपासून खालपर्यंत सारख्या कोमट होत्या, फ्रीझरमध्ये उणे १९ आणि खालच्या कप्प्यात आधीपासून ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीत ४ अंश. या फ्रीजमध्ये गॅस कमी नाही.

आणि थोडा गॅस घालणं असं काही नसतं. लेबलवर ५२ ग्रॅम लिहिलेत, म्हणजे ५२ ग्रॅमच. त्यासाठी सीलबंद नळी कापावी लागते, असलेला गॅस काढावा लागतो, व्हॅक्यूम करून वजनकाट्यावर मोजून पुन्हा भरावा लागतो. हा गॅस पेट घेणारा आहे, जोड करताना काळजी नसेल तर धोका आहे. अंदाजाने जास्त भरला तर द्रव कॉम्प्रेसरपर्यंत परत येतो आणि चांगला कॉम्प्रेसर जातो. गॅस भरून पैसे घेतले असते तर कदाचित आपण पाच स्टार दिले असते, पण गुडगुड तशीच राहिली असती.

एक गोष्ट रिव्ह्यूमध्ये राहिली, ती सांगतो. फोनवर आपणच म्हणाला होतात की फ्रीज हॉलमध्ये आणल्यापासून हे आवाज येतात. तो भिंतीला टेकला होता. मागची नळी भिंतीला लागली की अख्खी भिंत आवाज मोठा करते. मुलाने फ्रीज चार बोटं पुढे घेतला, पुढचे दोन पाय फिरवून लेव्हल केला आणि मागचा पाण्याचा ट्रे नीट बसवला. हे काम झालं, त्याला हत्यार लागलं नाही इतकंच. व्हिजिट चार्जही येण्याआधी फोनवर सांगितला होता.

एका स्टारने पुढची दहा माणसं फोन करत नाहीत, आणि आमची तीन घरं यावर चालतात, म्हणून इतकं लिहिलं. राग मानू नका. यापुढे मोजलेले आकडे कागदावर लिहून द्यायचे असं ठरवतोय, मुलांनाही नीट बोलायला सांगितलं आहे.

आपल्यासाठी एवढंच. आज रात्री आवाज आला की कॉम्प्रेसर चालू आहे की बंद ते बघा आणि वेळ लिहून ठेवा. दोन-तीन दिवस दार बंद असताना तो एकदाही थांबला नाही, किंवा खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी ८ अंशांच्या वर निघालं, तर त्याच नंबरवर फोन करा. दुसऱ्या व्हिजिटचे पैसे घेणार नाही.