इनपुट रेझिस्टन्स प्रत्येक वेळी वाढत नाही

“निगेटिव्ह फीडबॅक लावला की इनपुट रेझिस्टन्स वाढतो, आउटपुट रेझिस्टन्स कमी होतो. लूप गेनसाठी फीडबॅकचा रेझिस्टर काढून गेन काढा आणि β ने गुणा. कुठल्याही सर्किटला चालतं!”

हे माझ्या भाचीच्या कॉलेज ग्रुपवर फिरतंय आणि तिने परीक्षेसाठी वहीत उतरवूनही घेतलंय. आधी टोपॉलॉजी, म्हणजे आउटपुटला काय मोजलं जातं आणि इनपुटला ते कसं मिसळलं जातं, हे ओळखायचं असतं, ती पायरीच इथे गायब आहे.

साधा कॉमन-एमिटर घ्या. कलेक्टरला 5 किलोओहम, कलेक्टर ते बेस 100 किलोओहमचा फीडबॅक रेझिस्टर, सोर्सचा रेझिस्टन्स 10 किलोओहम. कलेक्टर करंट 1 मिलिअँपिअर, ट्रान्झिस्टरचा करंट गेन 100. म्हणजे gm 40 मिलिसीमेन्स आणि rπ 2.5 किलोओहम. आउटपुट एसीपुरता ग्राउंडला शॉर्ट केला की फीडबॅक नाहीसा होतो, म्हणजे सॅम्पलिंग व्होल्टेजचं. फीडबॅक येतो तो सिग्नलच्याच नोडवर, बेसवर, म्हणजे मिक्सिंग शंट. इथे इनपुटला करंटची वजाबाकी होते, म्हणून β = −1/100 किलोओहम.

आता लूप गेन. फीडबॅक रेझिस्टर तोडायचा, पण त्याचा भार दोन्ही टोकांना ठेवायचा. इनपुटला 10, 100 आणि 2.5 समांतर: 1.96 किलोओहम. आउटपुटला 5 आणि 100 समांतर: 4.76 किलोओहम. gm सकट गुणाकार केला की फीडबॅकशिवायचा गेन A साधारण −373 किलोओहम येतो, आणि Aβ = 3.73.

शंट मिक्सिंग असल्यामुळे 1.96 ला 1 + Aβ ने, म्हणजे 4.73 ने भागायचं: 414 ओहम. त्यातून समांतर असलेला सोर्सचा 10 किलोओहम वेगळा काढला की बेसकडे पाहताना 432 ओहम उरतात. वहीतल्या नियमाने गुणाकार केला तर 9 किलोओहमच्या वर उत्तर येतं, म्हणजे वीसपटीहून जास्त चूक! हा आकडा धरून कपलिंग कपॅसिटर निवडला तर तो लहान पडतो आणि बास गळतो. ताळा हवा असेल तर ब्लॅकमनचं 1943 सालचं सूत्र वापरा. त्यात सोर्स बाजूला ठेवून फीडबॅक नसतानाचा 2.44 किलोओहम 5.65 ने भागला जातो, आणि 432 च येतात.

रेझिस्टर काढून टाकायची युक्ती या सर्किटमध्ये निभावते, हे मान्य करावं लागेल: 3.73 ऐवजी 4. पण तोच रेझिस्टर 10 किलोओहमचा करा. खरा लूप गेन 22, युक्तीने 40.

आउटपुटचं विधान व्होल्टेज सॅम्पलिंगपुरतं बरोबर आहे, इथे 4.76 किलोओहमचा 1 किलोओहम होतो. पण बायपास न केलेला एमिटर रेझिस्टर घ्या. तिथे सॅम्पलिंग करंटचं असतं, आणि कलेक्टरकडून पाहिलेला ट्रान्झिस्टरचा रेझिस्टन्स उलट वाढतो.