ते दोन कुठून आले?

आज संध्याकाळी कॉलेज रोडला झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. पुढे बारावीची दोन पोरं. हातात स्पायरल केलेली जाडी वही, आत फिजिक्सची सगळी डेरिव्हेशन्स, आणि प्रत्येक डेरिव्हेशनच्या ओळींना नंबर. एकाने वही धरलेली, दुसरा डोळे मिटून अथर्वशीर्ष म्हणावं तसा वायूच्या दाबाचं डेरिव्हेशन म्हणत होता. मध्येच अडला. पहिला म्हणाला, "अरे, खाली टू एल, टू एल!" मला राहवलं नाही. विचारलं, "दोन का रे? खोक्याची लांबी तर एल आहे ना?" तर म्हणतो, "सर, तिथे टू असतोच."

असतोच!

पोरावर राग नाही. ओळींना नंबर देऊन ती वही ज्यांनी छापली आणि क्लासमध्ये "एवढ्या ओळी लिहा, मार्क पक्के" असं सांगितलं, त्यांच्यावर आहे. ह्या डेरिव्हेशनमध्ये पाठ करण्यासारखं जवळपास काहीच नाही. चार गोष्टी माहीत असल्या की झालं. बल म्हणजे मोमेंटम बदलण्याचा दर. रेणू भिंतीवर आपटून त्याच वेगाने परत फिरतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. आणि वायूला कुठलीच दिशा जास्त प्रिय नाही. बाकी सगळं कोऱ्या कागदावर उभं करता येतं.

करूनच बघू. L बाजूचं चौकोनी खोकं, आत एकच रेणू, वस्तुमान m. तो सध्या फक्त उजवी-डावीकडे v वेगाने धावतोय. उजव्या भिंतीवर आपटायच्या आधी मोमेंटम mv, आपटल्यावर उलट दिशेने mv. फरक 2mv. हे झालं पहिलं दोन: रेणू नुसता थांबत नाही, उलटा फिरतो, म्हणून दुप्पट.

आता बल काढायला ह्या फरकाला वेळेने भागायचं. कुठल्या वेळेने? गाडी अडते ती इथे, आणि वहीत इथे एका शब्दाचंही स्पष्टीकरण नाही. बहुतेकांना वाटतं, भिंतीला चिकटून असण्याची जी क्षणभराची वेळ असते ती घ्यायची. ती आपल्याला माहीतही नाही आणि लागतही नाही. आपल्याला एका टोल्याचं बल नकोय, भिंतीला सरासरी किती रेटा बसतो ते हवंय. मग सरळ एक लांबलचक वेळ घ्या, T म्हणा. तेवढ्या वेळात रेणू किती अंतर कापेल? vT. त्याच उजव्या भिंतीकडे परत यायला त्याला डाव्या भिंतीपर्यंत जाऊन फिरावं लागतं, म्हणजे एका फेरीला 2L. तर टोले किती? vT/2L. प्रत्येक टोल्याला 2mv. गुणा, T ने भागा. T उडून जातो आणि हातात राहतं mv²/L. दुसरं दोन हे असं आलं, जाऊन-येऊनच्या फेरीतून. "असतोच" नाही.

आता ह्यातली खरी गंमत बघा, आणि मला जास्त चीड येते तीही इथेच. समजा पोरगा दोन्ही ठिकाणी दोन विसरला. वर mv लिहिलं, खाली L/v. उत्तर? mv²/L. तंतोतंत बरोबर! दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या. घाईत असलेला तपासणारा शेवटची ओळ बघून मार्क देईल, आणि पोराला आयुष्यभर वाटत राहील की आपल्याला हे येतं. एकच दोन विसरला तर उत्तर दुप्पट किंवा निम्मं होतं, तेव्हा कळतं तरी. आजच्या त्या मुलाचं एक दोन विसरलं म्हणून तो अडला. दोन्ही विसरला असता तर अडलाही नसता!

पुढची पायरी सोपी वाटते, पण तिथेही सापळा आहे. रेणू एक नाही, N आहेत, आणि प्रत्येकाचा वेग वेगळा. प्रत्येकाचं mv²/L बेरजेत घ्यायचं, म्हणून सरासरी v² ची लागते, v ची नाही. पोरं विचारतात, आधी वेगाची सरासरी काढून मग वर्ग केला तर काय बिघडलं? आकडे घालून बघा ना. चार रेणू, वेग १००, ३००, ५०० आणि ७०० मीटर प्रति सेकंद. सरासरी ४००, वर्ग १,६०,०००. आता आधी वर्ग, मग सरासरी: २,१०,०००. दाब चोवीस टक्क्यांनी कमी आला असता. आणि दिशेचं चिन्ह धरलंत तर आणखी मजा: निम्मे उजवीकडे, निम्मे डावीकडे, सरासरी शून्य, म्हणजे दाबही शून्य. सायकलची ट्यूब फुगलीच नसती.

वर्ग का, हे एका वाक्यात सांगता येतं. वेग वाढला की टोला जोरात बसतो, आणि टोले जास्त वेळाही बसतात. एक v जोराचा, एक v वारंवारतेचा. डॅनिएल बर्नुलीने १७३८ मध्ये हाच विचार मांडला होता (हो, द्रवांच्या धड्यातला तोच बर्नुली), तेव्हा रेणू खरंच असतात की नाही हेही कुणाला ठामपणे ठाऊक नव्हतं.

मग एक तृतीयांश. खरा रेणू तिरका धावतो, त्याच्या वेगाचे तीन घटक. v² म्हणजे तिन्ही घटकांच्या वर्गांची बेरीज. वायूला दिशा सारख्याच, म्हणून तिन्ही वर्गांची सरासरी सारखी, म्हणून एकाचा वाटा तिसरा हिस्सा. बल भागिले L², खाली L³ म्हणजे V. झालं: P = Nm⟨v²⟩/3V. आता "खोकं चौकोनी नसून लांबट असेल तर?" असं कुणी विचारलं तर घाबरायचं कारण नाही. भिंतीचं क्षेत्रफळ आणि तिथून समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर गुणलं की आकारमानच येतं. पाठ करणारा मात्र इथे थंड पडतो, कारण वहीत क्यूबच होता.

बरं, पाठांतराची बाजू घेणारे येतीलच खाली कमेंटमध्ये. मान्य, पेपरला वेळ मोजकाच असतो, आणि शेवटचं सूत्र तोंडावर असलेलं बरं. एवढंच मान्य.

पण मला सांगा, त्या वहीत ही शंका कुठे आहे: साध्या हवेत एक रेणू दुसऱ्यावर आपटण्याआधी सरासरी जेमतेम ७० नॅनोमीटर जातो. म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी. मग ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ जाऊन परत येणारा आपला रेणू आहे कुठे? 2L ची फेरी मारणारा एकही रेणू त्या खोक्यात नसतो! विचार करणाऱ्या पोराला ही शंका यायलाच हवी, आणि आली की बहुतेक ठिकाणी तिला "ते सिलॅबसमध्ये नाही" असं उत्तर मिळतं. संताप येतो.

उत्तर मात्र सुंदर आहे. लांबच्या भिंतीचा विचारच सोडा. भिंतीचा एक तुकडा घ्या, क्षेत्रफळ A, आणि अगदी छोटा काळ t, इतका छोटा की तेवढ्यात आपसात आपटायला कुणाला सवडच नाही. ह्या काळात भिंतीवर कोण आपटेल? जे भिंतीपासून vt अंतराच्या आत आहेत ते. त्या पट्टीचं आकारमान Avt. एकक आकारमानात n रेणू, पण त्यातले निम्मे भिंतीकडे येतायत आणि निम्मे दूर चाललेत. म्हणून टोले nAvt/2. प्रत्येकी 2mv. A आणि t ने भागा: nmv². हा v भिंतीच्या दिशेचा घटक, त्याच्या वर्गाची सरासरी घेतली की तोच तिसरा हिस्सा. म्हणजे तेच उत्तर, आणि L कुठे आलाच नाही. इथेही दोन आहेच, पण फेरीचं नाही, निम्म्यांचं. शिवाय निम्मे येणारे ही गोष्ट आपसातल्या टकरींनी बदलत नाही: एक वळला तर दुसरा त्याच्या जागी येतो.

डेरिव्हेशन समजलं की नाही, हे मी तरी असंच तपासेन. दोन वाटांनी जाऊन बघायचं आणि दोन्ही वाटांवर तो दोन कुठून आला ते बोट ठेवून दाखवायचं. मग अट बदलायची. भिंत चिकट आहे, आपटलेला रेणू तिथेच बसतो: आता? फेरीची वाट कोलमडते, कारण कुणी परतच येत नाही. मोजणीची वाट शाबूत: टोले तेवढेच, पण प्रत्येकी mv. सुरुवातीला भिंतीवरचा दाब निम्मा.

घरी करायचं तर साधी रीत. पुस्तक मिटा, कागदावर वर त्या चार गोष्टी लिहा आणि खाली चालू लागा. प्रत्येक "बरोबर" च्या चिन्हाशेजारी चारांतली कुठली वापरली ते पेन्सिलीने लिहा. शेजारी काही लिहिता आलं नाही की समजा, ती ओळ पाठांतरातून आलीय. अडलात तर पुस्तकातली तेवढीच ओळ बघा, मिटा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. अडल्या जागेपासून नाही, पहिल्यापासून. पहिल्यांदा तासभर जाईल. जाऊ द्या हो. त्या पोराने ती वही घोकण्यात किती तास घातले असतील!

शेवटी आकडे घाला, नाहीतर सूत्र नुसतं कागदावर राहतं. Nm/V म्हणजे घनता, म्हणून v² = 3P/ρ. मुंबईत २७ अंशांना हवेचा दाब साधारण १,०१,००० पास्कल, घनता १.१८ किलो प्रति घनमीटर. वेग येतो ५०० मीटर प्रति सेकंदाच्या थोडा वर. आता कसारा घाट चढून नाशिकला या. आपण सुमारे ६०० मीटर उंचीवर, दाब ९४,००० च्या आसपास. दाब कमी म्हणजे रेणू हळू? घनताही घटून १.१० झालीय. भागाकार करा, वेग तोच. तापमान तेच असेल तर इथले रेणू मुंबईइतकेच जोरात धावतात, फक्त संख्येने कमी आहेत म्हणून टोले कमी. आणि आपल्या थंडीत पहाटे पारा दहा अंशांवर आला तर वेग किती घटेल, ते खाली कमेंटमध्ये काढून दाखवा. सूत्र पाठ असलेल्यांनीही काढा, पण कुठल्या ओळीवरून निघालात ते लिहा.