बिस्किटांच्या लाइनची न्याय्य वाटणी: डिस्ट्रिब्युटर शेठना चार युक्तीच्या गोष्टी

शेठ, सेल्समनमध्ये एरिया वाटायचा म्हणजे अवघड काम, असं उगीच कुणीतरी पसरवलंय. दुकानांची यादी काढा, माणसांनी भागा, विषय संपला. तुमच्याकडे चार पोरं आणि ९६० दुकानं असतील, तर प्रत्येकी २४० येतात. आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे सहा बीट. रोज ४० दुकानं. भागाकाराला बाकीसुद्धा उरत नाही. याहून न्याय्य काय असतं?

आता पुण्यात एकाला रविवार, भवानी आणि नाना पेठ मिळते आणि दुसऱ्याला धायरी, नऱ्हे, नांदेड, खडकवासला. दोघांच्या वहीत ४० दुकानंच. धायरीवाला कुरकुरला तर यादी दाखवा. आकडा कधी खोटं बोलत नाही, आणि धायरीवाल्याला मात्र तशी सवय असू शकते.

एक पथ्य मात्र पाळा. त्याच्या गाडीवर मागे बसून एक दिवसही लाइनला जाऊ नका. गेलात आणि हातातल्या घड्याळाकडे चुकून लक्ष गेलं, तर सगळी वाटणी बिघडते. दुकानदार ऑर्डर देतो ती सकाळी साडेनऊ ते दीड आणि दुपारी चार ते साडेसात. मधल्या वेळात पेठेत शटर खाली असतं. धायरीत दुकान उघडं असतं, पण गल्ल्यावर पोरगं बसलेलं असतं आणि ते म्हणतं, "शेठ झोपलेत, ऑर्डर तेच देतात." थोडक्यात, हाताशी साडेसात तास, म्हणजे ४५० मिनिटं. रॅकवरचा माल बघणं, ऑर्डर काढणं, मागच्या बिलाचे पैसे घेणं आणि फुटक्या पुड्यांवरची हुज्जत धरून एका दुकानाला समजा आठ मिनिटं लागतात. पेठेत पुढचं दुकान दोन मिनिटांवर. दहा मिनिटांप्रमाणे ४० दुकानं ४०० मिनिटांत होतात आणि अमृततुल्यात दोनदा चहाही होतो. धायरीकडे पुढच्या दुकानापर्यंत जायला सरासरी सहा मिनिटं धरा. चौदा गुणिले चाळीस, ५६० मिनिटं. दिवस ४५० चाच. म्हणजे रोज आठ दुकानं राहणार. सकाळी नऊला गोडाउनवर हजेरी लावून मग सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून धायरी गाठायची, तो वेळ यात धरलेलाच नाही.

ही आठ दुकानं दर आठवड्याला वेगळी असती तर एक वेळ चाललं असतं. पण ती नेहमी तीच असतात, रस्त्याच्या शेवटची. खडकवासल्याच्या बाजूची. ओळखायलाही सोपी आहेत, म्हणून ओळखायचा प्रयत्न करू नका. सेल्समनच्या ॲपवर प्रत्येक ऑर्डरची वेळ पडते, ती पाहूच नका. साडेसातच्या आत शेवटच्या आठ दुकानांवर पाच मिनिटांत "दुकान बंद" असे शेरे पडलेले दिसतील. आठ दुकानं एकदम बंद म्हणजे गावात मोठं लग्न असावं, असं समजून चहा घ्या.

यावर एक घाणेरडा उपाय काही लोक करतात, तो सांगून ठेवतो, म्हणजे टाळता येईल. ते ४० पैकी चांगली बिलं कटणारी २४ दुकानं दर आठवड्याला ठेवतात आणि छोटी १६ पंधरवड्याला एकदा. आठ या आठवड्यात, आठ पुढच्या. दिवसाला ३२ दुकानं, चौदा गुणिले बत्तीस, ४४८ मिनिटं. दिवसात बसतं. त्यातही ती छोटी दुकानं एकाआड एक न निवडता गल्लीवार निवडतात, नाहीतर फिरणं तेवढंच राहतं आणि दुकानं फक्त कमी होतात. हजेरी फोनवर घेतात आणि पेट्रोल किलोमीटरवर देतात. अशाने दोघांचे आकडे ४० आणि ३२ असे विषम दिसतात आणि शेठचं समतेवरचं प्रेम उघड्यावर पडतं.

आता टार्गेट. ते तर फारच सोपं. गेल्या वर्षीचा सेल घ्या आणि सगळ्यांना सारखेच १५ टक्के वाढवून द्या. गेल्या वर्षी ज्यानं जीव तोडून माल विकला, त्याच्या डोक्यावर मोठा आकडा बसतो. जो झोपला होता, त्याला लहान आकडा मिळून इन्सेन्टिव्हही मिळतो. नऱ्हे, किरकटवाडी, नांदेड, खडकवासला ही गावं २०२१ साली महापालिकेत आली, सोसायट्या त्याआधीपासूनच उठतायत. पण तुमची दुकानांची यादी त्याहून जुनी असेल तर तिला हात लावू नका. जुन्या यादीत नवी दुकानं नसतात, आणि जे दुकान यादीत नाही तिथे माल न पोचल्याचं दुःखही होत नाही.

आणि हो, पेठेतला होलसेलवाला! त्याला पेठवाल्याच्याच बीटमध्ये ठेवा. इथे खरी मजा आहे. समजा पेठवाल्याचा महिन्याचा सेल चार लाख आणि त्यातले दीड लाख या एका होलसेलवाल्याचे. स्कीम आहे वीस पेट्यांवर एक पेटी फुकट. सत्तावीस-अठ्ठावीस तारखेला टार्गेट अडलं की पेठवाला एक फोन करतो, होलसेलवाला साठ पेट्या उचलतो, तीन फुकटात मिळतात. त्या फुकटच्या पेट्यांतला थोडा नफा स्वतःकडे ठेवून बाकी तो भावात सोडतो. मग धायरीचा किराणावाला डाळ-साखरेसाठी टेम्पो घेऊन मार्केट यार्डला येतो, येता-जाता पेठेतून आपली बिस्किटंही भरून नेतो. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात धायरीवाला दारात उभा राहिला की त्याला उत्तर मिळतं, "तुझ्यापेक्षा पेठेत पेटीमागं स्वस्त पडतं रे, परवाच भरलाय माल."

माल धायरीत खपला, सेल पेठेत लागला, इन्सेन्टिव्ह पेठवाल्याला. मीटिंगमध्ये पेठवाल्याला पुष्पगुच्छ द्या आणि धायरीवाल्याला सांगा, "त्याच्याकडून शीक जरा." होलसेलचं खातं बीटमधून काढून स्वतःकडे ठेवायचं, त्यावर कुणालाच इन्सेन्टिव्ह द्यायचा नाही आणि पोरांचा हिशेब फक्त किरकोळ दुकानांच्या बिलांवर करायचा, असलं काही मनात आणू नका. तसं केलंत तर पेठवाल्याचा आकडा चारवरून अडीच लाखांवर येईल आणि पुष्पगुच्छ कुणाला द्यायचा हा प्रश्न पडेल.

तरीही धायरीवाल्याची कटकट थांबत नसेल, तर बीटची अदलाबदल करा. सोमवारी सकाळी, अचानक. जुन्या सेल्समनला नव्याबरोबर आठवडाभर फिरवायचं, प्रत्येक दुकानदाराकडून बाकीच्या आकड्यावर सही घ्यायची, ही असली खर्डेघाशी हवीच कशाला? नवा पोरगा दुकानात शिरतो आणि म्हणतो, "काका, मागचे बावीसशे बाकी आहेत." काका चष्म्यावरून बघतात. "ते मी आधीच्याला रोख दिले. आणि त्यानं दोन डबे डॅमेज बदलून देतो म्हणाला होता, ते आणलेस का?" पावती नाही, चिठ्ठी नाही. जुन्याला विचारलं तर तो म्हणतो काका खोटं बोलतायत, काका म्हणतात पोरगा खोटं बोलतोय. तुम्ही ते बावीसशे नव्या पोराच्या पगारातून कापून घ्या. तो तरी कुठे काही सिद्ध करू शकतो?

एवढ्यानं धायरीवाला महिनाअखेर निघून जाईल. फार लांब नाही जात. त्याच भागात दुसऱ्या बिस्किटाच्या एजन्सीत लागतो, आणि पहिल्याच आठवड्यात खडकवासल्याच्या त्या शेवटच्या आठ दुकानांत माल लावतो, कारण तिथला रॅक किती दिवस रिकामा आहे हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नाही. तुम्ही गोडाउनच्या शटरवर कागद चिकटवा: सेल्समन पाहिजे, स्वतःची टू-व्हीलर आवश्यक, पेट्रोल पगारात धरलेले आहे.