दाण्याचं कूट आणि चिन्मयचा डबा

"आपल्या आज्या-पणज्यांनी मूठमूठ दाणे खाल्ले, कुणाला काही झालं नाही. दाण्याची ॲलर्जी हे परदेशी फॅड आहे. मुलाला रोज एकेक दाणा द्या, आपोआप सवय होते. दाणे भाजून कूट केलं की त्यातला दोष जातो. आणि शेंगदाणा ही तर डाळच, मग वरण चालतं तर दाणा का नाही? फार तर पित्त उठेल, आमसुलाचं पाणी लावलं की जातं. एका मुलासाठी अख्ख्या वर्गाने डबा का बदलायचा?"

आदरणीय बाई,

स. न. वि. वि.

वरचा मजकूर सध्या पालकांमध्ये फिरतोय आणि परवा तुम्हीही मला त्याबद्दल विचारलंत. चिन्मयच्या डब्याविषयी तुम्हाला लिहायचंच होतं, म्हणून दोन्ही एकत्रच लिहिते.

आज्यांची गोष्ट अर्धी खरी आहे. इंग्लंड-अमेरिकेच्या मानाने आपल्याकडे ही ॲलर्जी बरीच कमी आढळते. म्हणूनच ज्या घरात ती निघते तिथे कुणाचा पटकन विश्वास बसत नाही, आमच्याही घरात बसला नव्हता. पण कमी आढळते म्हणजे नाहीच, असं होत नाही. हा पचनाचा किंवा नाजूकपणाचा प्रश्न नाही. दाण्यातली काही प्रथिनं चिन्मयचं शरीर शत्रू समजतं, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार ठेवतं आणि दाणा पोटात गेला की काही मिनिटांत सगळीकडून एकदम हल्ला चढवतं. त्वचेची चाचणी आणि रक्ताची तपासणी दोन्ही झाल्यात. डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे.

सवयीचा मुद्दा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण तो शास्त्राच्या जवळून जातो. लंडनमध्ये एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. ४ ते ११ महिन्यांच्या, ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना नियमित दाण्याचा पदार्थ दिला, तर पुढे ॲलर्जी होण्याचं प्रमाण खूप घटलं. पण हा ॲलर्जी होऊ नये म्हणून केलेला उपाय होता आणि ज्या बाळांची त्वचाचाचणी आधीच जोरदार आली, त्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. चिन्मय दुसरीत आहे, त्याची ॲलर्जी होऊन बसली आहे.

ॲलर्जी झालेल्या मुलांसाठीही हळूहळू मात्रा वाढवण्याचा उपचार आहे. अमेरिकेत २०२० मध्ये ४ ते १७ वयाच्या मुलांसाठी दाण्याच्या पुडीचं असं एक औषध मंजूर झालं. त्याची सुरुवात अर्ध्या मिलिग्रॅम प्रथिनाने होते, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पुढे प्रत्येक वाढ दवाखान्यातच करायची आणि कित्येक महिन्यांनी रोजच्या ३०० मिलिग्रॅमवर पोहोचायचं. एका दाण्यात साधारण २५० ते ३०० मिलिग्रॅम प्रथिन असतं. म्हणजे हा मजकूर ज्या एका दाण्यापासून सुरुवात करायला सांगतो, तिथे त्या उपचारातली वाढ संपते. पहिल्याच दिवशी पाचशेपट मात्रा! आणि इतकं करूनही ते मूल बिनधास्त चिक्की खाऊ शकत नाही; चुकून पोटात कण गेला तर निभावावं, एवढ्यासाठीच ते असतं. तेव्हा कुणी प्रेमाने "एकच खा रे" म्हणालं, तर कृपया त्यांना थांबवा.

भाजण्याचं तर उलटंच आहे. दाण्यातली ही प्रथिनं उष्णतेला दाद देत नाहीत आणि खरपूस भाजल्यावर प्रतिपिंडं त्यांना जास्तच घट्ट पकडतात. कुटामुळे आणखी एक गोष्ट होते, दाणा दिसेनासा होतो. पोह्यातला, चिवड्यातला अख्खा दाणा चिन्मय स्वतः ओळखतो आणि ताट बाजूला सारतो. पण काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, मटकीची उसळ, ताकातला पालक, वडापावची कोरडी लसणीची चटणी यांत कूट मिसळलेलं असतं आणि आपल्या स्वयंपाकघरात ते मिठासारखं सहज पडतं. "यात दाणे आहेत का?" असं विचारलं की बायका खरेपणाने "नाहीत" म्हणतात, कारण कूट त्यांच्या हिशेबात दाणे नसतातच. म्हणून तुम्हीही विचाराल तेव्हा "कूट घातलंय का, आणि मिक्सरचं भांडं कुठलं होतं?" असंच विचारा. चहाच्या चमचाभर कुटात चार-पाच दाणे सहज बसतात; काही मुलांना एका दाण्याचा शंभरावा भागही पुरतो.

डाळीचं म्हणाल, तर शेंगदाणा त्याच कुळातला आहे हे बरोबर. प्रथिनांमध्ये साम्य असल्यामुळे रक्ताच्या तपासणीत कधीकधी डाळींनाही प्रतिसाद दिसतो. तरीही दाण्याची ॲलर्जी असलेली बहुतेक मुलं डाळी व्यवस्थित खातात. चिन्मय तूर, मूग, हरभरा, मटार सगळं खातो, तीळही खातो. त्याला उगाच वरणभातापासून तोडायचं नाही. काजू-बदामही त्याला चालतात, पण फक्त घरचे निवडलेले. बाहेरची काजूकतली मी देत नाही, स्वस्त कतलीत दाण्याची भेसळ होते.

पित्ताचं मात्र जरा सविस्तर लिहिते. गेल्या वर्षी नात्यातल्या एका मुंजीत पंगतीत कोशिंबीर वाढली. कूट न घातलेली वाटी त्याच्यासाठी वेगळी काढली होती, पण वाढणाऱ्याचा डाव दोन्हींत फिरला. आधी तो म्हणाला, ओठ खाजतायत. मग मानेवर आणि पोटावर गांधी उठल्या. एक काकू आमसुलं भिजवायला धावल्या. तेवढ्यात त्याला उलटी झाली, कोरडा खोकला सुरू झाला आणि आवाज बसला. जवळच्या दवाखान्यात मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांत रंग परत आला. त्याला रात्रभर ठेवून घेतलं, कारण लक्षणं काही तासांनी उलटू शकतात. आमसुलाच्या पाण्याने खाज कदाचित निवेल, पण आतून सुजणारा घसा आणि उतरणारा रक्तदाब तिथवर ते पोहोचत नाही. सेटिरिझिनच्या सिरपचंही तेच.

म्हणून शाळेतला नियम असा ठेवूया. नुसत्या दोन-चार गांधी असतील आणि तो हसत-बोलत असेल, तर सिरप द्या, त्याला नजरेसमोर ठेवा आणि मला फोन करा. पण गांधींसोबत उलटी किंवा पोटात कळ, किंवा गांधी नसतानाही खोकला, धाप, बसलेला आवाज, एकदम मलूल होणं, यांतलं काही दिसलं तर आधी इंजेक्शन, मग १०८ आणि मग मी. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, गणवेशावरून दिलं तरी चालतं. आपल्याकडे पेनासारखं तयार इंजेक्शन सहज मिळत नाही, म्हणून डॉक्टरांनी भरलेली सिरिंज पिशवीत आहे. त्याचं वजन २० किलो आहे आणि डोस ०.२ मिली. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरी सिरिंज. त्याला आडवं झोपवा, पाय उंचावर ठेवा. धाप लागली असेल तर बसू द्या, पण ऑफिसपर्यंत चालवत मुळीच नेऊ नका. शाळेच्या नर्सबाईंना आणि तुम्हाला कसं द्यायचं ते डॉक्टर दाखवायला तयार आहेत, वेळ तुम्ही ठरवा.

वर्गाचा डबा कुणी बदलावा असं माझं म्हणणं नाहीच. शेजारच्या बाकावर साबुदाण्याची खिचडी असली तरी चिन्मयला काही होत नाही. दाण्याच्या वासात प्रथिन नसतं. तीव्र ॲलर्जी असलेल्या ३० मुलांच्या नाकाजवळ पीनट बटर धरून पाहिलं, तेव्हा एकालाही गंभीर त्रास झाला नव्हता. त्यामुळे त्याला कोपऱ्यात वेगळं बसवू नका, ही माझी विनंतीच समजा. प्रश्न तोंडाचा आणि बोटांचा आहे. एकादशी, महाशिवरात्र, श्रावणातले सोमवार या दिवशी निम्म्या डब्यांत कूट असणार, तेव्हा जेवल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत. नुसत्या पाण्याने किंवा सॅनिटायझरने प्रथिन हातावर राहू शकतं. त्याच्या बाकावरून साबणाच्या पाण्याचा ओला फडका फिरवला की झालं. डब्यातली देवाणघेवाण त्याच्यापुरती बंद, हे तो स्वतः पाळतो.

त्याच्या डब्यात काय असेल हेही सांगते, म्हणजे वेगळं काही दिसलं तर तुमच्या लक्षात येईल. पोळीभाजी, गूळ-तूप पोळी, तिखटमिठाच्या पुऱ्या, दहीभात, उपमा, धिरडी, थालीपीठ, इडली आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. भाजीत कुटाच्या जागी भाजलेलं सुकं खोबरं किंवा तीळ असतात. डाळं मी टाळते. चिन्मयला हरभरा चालतो, पण भडभुंज्याकडे चणे, दाणे आणि चुरमुरे एकाच कढईत, एकाच वाळूत भाजतात. फोडणी रिफाइंड सूर्यफूल तेलाची. रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिन जवळपास उरत नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत ॲलर्जी असलेल्या ६० जणांपैकी कुणालाच त्याचा त्रास झाला नाही, कच्च्या तेलाचा मात्र सहा जणांना झाला. घाण्याचं तेल त्या दुसऱ्या प्रकारातलं, म्हणून ते आमच्याकडे बंद आहे.

वाढदिवसाला वर्गात खाऊ आला तर पाकीटबंद आणि घटकपदार्थ छापलेलाच त्याला द्या. दाणे असतील तर लेबलवर तसं लिहिणं बंधनकारक आहे. सुटी मिठाई, फरसाण, कागदाच्या पुडीतली गोळी नको. त्यासाठी त्याच्या नावाचा एक डबा तुमच्या कपाटात ठेवते. त्यात राजगिऱ्याची वडी आणि बिस्किटं असतील, ती मी दर महिन्याला बदलीन. सिरिंजवरची तारीखही तेव्हाच बघून घेईन.

संक्रांतीच्या लाडवांत बहुतेक घरी दाण्याचं कूट असतं. यंदा वर्गासाठी तिळगूळ मीच पाठवते, नुसता तीळ, गूळ, सुकं खोबरं आणि वेलची. पट किती आहे तेवढं डायरीत लिहून पाठवा.

आपली,
चिन्मयची आई