अँटिबायोटिकची ‘सवय’ नेमकी कोणाला होते?

‘अँटिबायोटिक वारंवार घेतले की शरीराला त्याची सवय होते, मग ते लागू पडत नाही,’ असा अनेकांचा समज असतो.

बदल शरीरात नव्हे, जिवाणूंमध्ये होतो. विषाणूजन्य सर्दी-तापावर कोणी घरात उरलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या, तर विषाणूंवर काहीच परिणाम होत नाही. मात्र आतड्यातील ई. कोलाय जिवाणूंपैकी बरेचसे मरतात, आणि हे औषध जिवाणूच्या ज्या प्रथिनाला चिकटून काम करते, त्या जायरेज या विकरात योगायोगाने झालेल्या बदलामुळे ज्यांच्यात औषध नीट चिकटत नाही, असे मोजके जिवाणू मोकळ्या जागेत वाढतात. पुढे तेच मूत्रमार्गात शिरले, तर लघवीच्या कल्चर अहवालात सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे ‘रेझिस्टंट’ असा शेरा येतो. अधिक काळजीची गोष्ट अशी, की हे जिवाणू घरातील इतरांकडेही पोहोचतात आणि ती गोळी कधीच न घेतलेल्या माणसालाही ती लागू पडत नाही.